बाराशे कोटी म्हणजे किती

त्या दोघांचा अबोला सुरू झाला तो साठ लाखांवरून.

नवरा-बायको एकाच कचेरीत कामाला होती. परदेशी वृत्तसंस्थेची ही शाखा एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. खाली बसडेपो होता, त्यामुळे खिडकी उघडली की धूर आत यायचा आणि बंद केली की उकडायचं. तो अर्थखात्याचा बातमीदार. ती शेवटच्या टेबलावर बसायची. या देशातली कुठलीही बातमी बाहेरच्या जगात जाण्याआधी तिच्या हाताखालून जायची. भाषा तपासणं हे तिचं काम होतंच, पण कचेरीत तिची ख्याती होती ती आकड्यांसाठी. आपल्याकडे स्वल्पविराम आधी तीन आकड्यांवर आणि मग दर दोन आकड्यांवर पडतो, तिकडे दर तीन आकड्यांवर. आपला एक कोटी म्हणजे त्यांचे दहा मिलियन, आपले शंभर कोटी म्हणजे त्यांचा एक बिलियन, आणि आपले लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. ही सगळी उलथापालथ ती बोलता बोलता करायची आणि शेजारी कंसात त्या दिवसाच्या भावाने डॉलर लिहायची. सगळे तिला कॉमाताई म्हणायचे. नवराही कचेरीत कॉमाताईच म्हणायचा. घरी मात्र "अगं".

जानेवारीच्या सुरुवातीला मुख्य कचेरीतून तिला विचारणा झाली: तिकडच्या मुख्य टेबलावर दोन वर्षं येशील का? पगार वर्षाला पंच्याहत्तर हजार डॉलर. तिने घरी सांगितलं, विचार करते म्हणाली आणि आंघोळीला गेली. ती बाहेर येईपर्यंत नवऱ्याने पंच्याहत्तर हजारांना ऐंशीने गुणून टाकलं होतं. तेव्हा डॉलर ऐंशी रुपयांना होता. आणि तो फोनवर आपल्या भावाला सांगत होता, "साठ लाख! अरे, वर्षाला साठ लाख!"

मग मामेबहिणीला साठ लाख. मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त डॉक्टरांना जिन्यात साठ लाख. त्या जिन्यातच तिने ते ऐकलं.

"झालं सांगून सगळ्यांना?" घरात आल्यावर तिने विचारलं.

"सांगू नको तर काय करू? एवढी मोठी गोष्ट."

"कर किती जातो तिकडे? एका खोलीचं भाडं किती आहे? कर आणि भाडं गेलं की निम्मंसुद्धा उरत नाही. ऐंशीने गुणायला काय लागतं? ते कोणालाही येतं."

"अगं, पण लोकांना अंदाज यायला नको?"

"कसला अंदाज? बाजारात मी कितीला गेले याचा?"

तिला वाटलं होतं, तो आधी विचारेल, तू जाणार का, तुला जावंसं वाटतंय का, तू गेलीस तर आम्ही कसं करायचं. त्याने यातलं काहीच विचारलं नाही आणि सरळ गुणाकार केला. त्या रात्री तिने उशी भिंतीकडे सरकवली. सकाळी त्याने "चहा?" असं विचारलं, तर तिने सासूबाईंना सांगितलं, "आई, मी बाहेरच घेईन."

झालं, तेव्हापासून बोलणं बंद.

घरी सगळे निरोप सासूबाईंमार्फत जायचे. "आई, त्यांना सांगा, गॅसवाला येणार आहे." तो तीन हात अंतरावर पेपर वाचत बसलेला असायचा. सासूबाई मान वळवून म्हणायच्या, "ऐकलंस ना? का परत ओरडू?" कचेरीत मात्र बोलल्याशिवाय कसं चालणार? तिथे त्यांनी बातमीतलेच चौकोनी कंस वापरायला घेतले. तो बातमी पाठवायचा, ती मध्येच कंसात विचारायची: [हा आकडा चालू वर्षाचा की गेल्या?] तो उत्तर द्यायचा: [चालू.] लग्नाला वीसहून जास्त वर्षं झालेल्या माणसांचं एवढंच संभाषण उरलं होतं. तेही पाठवण्याआधी पुसून टाकावं लागायचं.

अर्थसंकल्पाचा दिवस उजाडला. या दिवशी कचेरीत कोणी धड खुर्चीवर बसत नाही. टीव्हीवर अर्थमंत्र्यांचं भाषण चालू होतं. तो एका कानाने ते ऐकत आकडे टिपत होता. शाखेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणायचे, त्या दोन्ही हातांत दोन फोन घेऊन उभ्या होत्या. आधी मोठे आकडे गेले. एकूण खर्च, तूट, कर. लाख कोटींचे ट्रिलियन झाले, सगळं सुरळीत झालं. मग छोट्या तरतुदी येऊ लागल्या. त्यात एक होती कामकरी बायकांच्या मुलांसाठी चालवलेल्या सरकारी पाळणाघरांची. बाराशे कोटी रुपये.

ही बातमी त्याच्या जिव्हाळ्याची होती. गेलं वर्षभर तो त्या पाळणाघरांत हिंडला होता. गेल्या वर्षी तरतूद नऊशे कोटींची होती, आता बाराशे. त्याने बातमी लिहिली आणि पाठवली. खाली जुन्या बातमीतला परिच्छेद जोडला होता. त्यात गेल्या वर्षीचा आकडा तिनेच तेव्हा बरोबर करून ठेवलेला होता: नऊ बिलियन.

तिने बातमी उघडली. वर त्याचं नाव होतं. आदल्या संध्याकाळी सासूबाई सहज म्हणाल्या होत्या, "तू गेलीस की कपाटाची डावी बाजू रिकामी होईल गं." तिला ते कपाट दिसत राहिलं. तिने बाराशे कोटी वाचलं आणि तंद्रीतच टंकलं: १.२ बिलियन रुपये. ऐंशीने भागून कंसात लिहिलं: १५ मिलियन डॉलर. आणि बातमी सोडली.

काही मिनिटांतच तिकडच्या टेबलावर कोणीतरी मथळा चढवला: पाळणाघरांच्या निधीला मोठी कात्री.

त्याने तो मथळा पडद्यावर पाहिला आणि त्याला आधी काही कळेचना. कात्री? वाढ झालीय. त्याने बातमी वाचली. गेल्या वर्षी नऊ बिलियन, यंदा एक पूर्णांक दोन. तो उठला. टेबलांमधून वाट काढताना त्याचा गुडघा खुर्चीला आपटला. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"अगं," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी निघालेला तो पहिला शब्द. "पाळणाघरं बघ. बारा पाहिजे. बारा बिलियन."

तिने वर पाहिलं. मग पडद्याकडे.

"बाराशे मिलियन धरलं मी," ती हळू म्हणाली. "कोटी होते ना. कोटी दहा मिलियनचा. बारा हजार मिलियन... अहो, मी हे कसं केलं?"

"नंतर. आधी दुरुस्ती."

दोघं एका पडद्यापुढे वाकली. नियम ठरलेला होता. चूक गुपचूप बदलायची नाही. बातमी नव्याने पाठवायची, माथ्यावर 'दुरुस्त' असं लिहायचं आणि काय चुकलं होतं ते पहिल्याच ओळीत स्पष्ट सांगायचं. १.२ बिलियन नव्हे, १२ बिलियन रुपये. १५ मिलियन नव्हे, १५० मिलियन डॉलर. निधी घटलेला नाही, वाढला आहे. त्याने टंकलं आणि तिने एकेक आकडा मोठ्याने वाचून तपासला. बातमी गेली. मथळा बदलला.

मॅडम आल्या. त्या ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचा आवाज खाली गेला की लोक घाबरायचे. आता तो खाली गेला होता.

"कोणाची चूक?"

"माझी," तो लगेच म्हणाला. "घाईत मीच आकडा नीट लिहिला नव्हता."

मॅडम मान हलवून वळणार, तेवढ्यात ती उभी राहिली.

"नाही मॅडम. यांनी बाराशे कोटी स्वच्छ लिहिलंय, बघा ना. रूपांतर मी केलं. चूक माझी आहे, माझ्याच नावावर लावा."

सगळी कचेरी टीव्हीकडे बघण्याचं नाटक करत होती. मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "तुमच्या दोघांचं आधी ठरवा," म्हणाल्या आणि फोन घ्यायला गेल्या.

चहाचं यंत्र ठेवलेल्या लहानशा खोलीत ती त्याच्यावर फुटली.

"कशाला खोटं बोललात? मी मागितलं होतं?"

"अगं, तुझं तिकडचं अजून पक्कं नाही. आज तिकडचेच लोक बघतायत. तुझ्या नावावर चूक लागली तर..."

"तर काय? जाणार नाही मी. नाहीतरी मला जायचंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

असं म्हणाली आणि तिला रडू फुटलं. कारण बोलताना तिला कळलं की मथळा पाहिल्याक्षणी, आकड्याच्याही आधी, तिच्या मनात एकच गोष्ट आली होती: गेलं, आता ते मला बोलावणार नाहीत. एवढे दिवस ती स्वतःला सांगत होती की विचार चालू आहे. विचार कधीच संपला होता. तिला जायचं होतं. रडू आलं ते याचं. तिने यंत्राकडे तोंड केलं.

त्याने कागदी पेल्यात पाणी भरून दिलं. पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो नुसताच शेजारी उभा राहिला.

"जायचंय तुला," तो म्हणाला.

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही गुणलंत."

तेवढ्यात मॅडमनी दारातून डोकं आत घातलं. मुख्य टेबलावरच्या संपादकांचा फोन होता, दोघांना एकदमच हवं होतं.

त्या संपादकांचा आवाज वयस्कर आणि निवांत होता. चुकीबद्दल त्यांनी फार काही म्हटलं नाही, दुरुस्ती पटकन आली एवढंच. त्यांचा प्रश्न वेगळा होता. बारा बिलियन रुपये, दीडशे मिलियन डॉलर, हे आता बरोबर आहे. पण आमच्या वाचकाला यातून काय कळणार? दीडशे मिलियनमध्ये इकडे एक मोठा पूल होतो. हा पैसा खूप आहे की थोडा?

फोन ठेवल्यावर दोघं परत तिच्या टेबलाशी आली.

"मुलं किती आहेत?" तिने विचारलं.

"वीस लाख. म्हणजे दोन मिलियन."

"बारा बिलियन भागिले दोन मिलियन. सहा हजार. एका मुलामागे वर्षाला सहा हजार रुपये."

"डॉलरमध्ये पंच्याहत्तर," तो म्हणाला.

"नको, डॉलर नको. पंच्याहत्तर डॉलर वाचून ते म्हणतील, अरेरे, आणि पुढच्या बातमीवर जातील. पाळणाघर वर्षात किती दिवस उघडं असतं?"

"तीनशे धर."

"मग दिवसाला वीस रुपये. वीस रुपयांत काय येतं?"

त्याने खिडकीतून खाली पाहिलं. डेपोच्या फाटकाशी चहाची टपरी होती, ड्रायव्हर लोक उभ्याने चहा पीत होते. "खाली दहा रुपयांना कप आहे."

"दोन कप चहा," ती म्हणाली. "एका मुलाचं दूध, जेवण, सांभाळणाऱ्या बाईचा पगार, सगळं मिळून दिवसाला दोन कप चहाचे पैसे. आणि गेल्या वर्षी?"

"नऊशे कोटी. मुलं तेवढीच. म्हणजे... पंधरा रुपये. दीड कप."

"मग वाढलंय किती ते पण कळलं आणि आहे किती ते पण कळलं."

त्यांनी तेच लिहिलं. एक वाक्य त्याचं, एक तिचं. कंसात काहीच विचारावं लागलं नाही, कारण दोघं एकाच टेबलाशी खुर्च्या चिकटवून बसली होती. तिने शेवटच्या वाक्यातला एक स्वल्पविराम काढला. तो म्हणाला, असू दे. ती म्हणाली, नको. काढला.

संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी दार उघडलं. दोघांना बरोबर आलेलं पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बोलता का काय?" त्या म्हणाल्या.

"थोडं थोडं," ती म्हणाली.

"बरं झालं. माझा घसा बसला तुमचे निरोप पोचवून." तो हातपाय धुवायला गेला तशा सासूबाई तिच्याजवळ सरकल्या. "एक विचारू? तू त्याच्यावर त्या पैशांवरून रागावलीस ना?"

ती पिशवी घेऊन स्वयंपाकघरात वळली, तशा सासूबाई मागोमाग आल्या.

"अगं, मला पण सांगितलं त्याने. साठ लाख म्हणाला. मी म्हटलं, बाबा, मला लाखाच्या पुढचं काही कळत नाही, साठ लाख म्हणजे किती ते नीट सांग. तर जरा वेळ विचार केला त्याने. आणि म्हणाला, आई, माझा पगार पंधरा लाख आहे ना, तशी ती माझ्या चौपट आहे." सासूबाईंनी पदराने डोळ्याची कड पुसली. "आणि असा हसत होता, जसा काही त्यालाच कोणी बढती दिलीय. नवऱ्याने हे हसत सांगितलेलं मी तरी आमच्या काळात ऐकलं नाही हो."

ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. साठ लाख तिने जिन्यात ऐकले होते, 'चौपट' ऐकलं नव्हतं. तो बाहेर आला, तोंडावर पाणी तसंच.

"टॉवेल कुठे गेला?" त्याने आईला विचारलं.

"मला विचारा," ती म्हणाली आणि स्वतःच आणून दिला.

जेवणं झाल्यावर दोघं बसली आणि पगार नीट मांडला. या वेळी ऐंशीने गुणलं नाही. तिकडच्या पैशात तिकडचंच मोजलं. कर वजा, भाडं वजा, बसचा पास, जेवणखाण, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट. उरत होतं, पण साठ लाखांसारखं काही नव्हतं.

"श्रीमंत काही होणार नाही आपण," तो म्हणाला.

"नाही."

"तरी जा."

"तुम्हाला चालेल?"

"चालणार नाही," तो म्हणाला. "मला अजिबात चालणार नाही. घरात आल्यावर तू नसशील हे मी अजून डोक्यात येऊच दिलेलं नाही. म्हणून तर सगळ्यांना आकडा सांगत सुटलो. आकडा सांगितला की पुढचं कोणी विचारत नाही."

तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. आतल्या खोलीत सासूबाई रेडिओ मोठा करून बसल्या होत्या, मुद्दामच.

मुख्य कचेरीने तिला बोलावलं. दोन वर्षांऐवजी आधी एकच वर्ष, पुढचं पुढे बघू, असं कळवलं. त्या चुकीमुळे की दुसऱ्याच कशामुळे, ते कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तो तिला विमानतळावर सोडायला गेला आणि परत येताना चुकीच्या बसमध्ये बसला.

तिकडे पहिले महिने तिला जड गेले. काम जमलं. खोली लहान पण उजेडाची मिळाली. पण थंडी आली आणि तिचे पाय गारठू लागले. एका शनिवारी तिने दुकानातूनच फोन केला.

"अहो, बूट बघतेय. आत लोकर आहे. छान आहेत."

"मग घे की."

"एकशेवीस डॉलर आहेत."

"हं."

"म्हणजे नऊ हजार सहाशे रुपये. बुटांना! एवढ्यात आपल्याकडे दोन महिन्यांचं वाणसामान येतं. मी परत ठेवले. मग परत घेतले. दुकानातली मुलगी माझ्याकडे बघतेय."

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "अगं, तू दिवसभर दुसऱ्यांना रुपयांचा अंदाज देतेस ना? मग ऐक. तुझी तिथली चार तासांचीही कमाई नाही ती. तिथल्या पगारात तिथले बूट. ऐंशीने गुणायचं काम माझं. मी इथे बसून गुणतो, हवं तेवढं गुणतो. तू बूट घाल."

फोनमधून खुडबुड ऐकू आली. डबा उघडल्याची, कागदाची.

"घातलेस?"

"घातले," ती म्हणाली. "डावा जरा घट्ट आहे."

"चालून बघ."

ती चालली. तो फोन कानाला लावून तिची पावलं ऐकत राहिला.